कॉफी मशीन दिवसभर चालू ठेवायचं की प्रत्येक कपानंतर बंद करायचं?

प्रश्न: "माझ्याकडे सिंगल बॉयलर एस्प्रेसो मशीन आहे, मागे १३०० वॉट लिहिलंय. घरून काम करतो, सकाळी ७ ला चालू करतो आणि रात्री ८ ला बंद. सकाळी दोन कप दुधाचे (मी आणि बायको), मग ११ ला आणि ४ ला एकेक काळी. आई म्हणते प्रत्येक कप झाला की बंद कर, लाईट बिल बघ. मित्र म्हणतो सारखं बंद-चालू केलं तर परत तापवायला जास्त लाईट जाते. कोणाचं खरं?"

गेली पंधरा वर्षं पुण्यात घरगुती आणि ऑफिसची कॉफी मशीन दुरुस्त करतोय आणि हा वाद मी किमान शंभर स्वयंपाकघरांत उभं राहून ऐकलाय, बहुतेक वेळा माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर आणि समोर सासू-सून किंवा आई-मुलगा. आई बरीचशी बरोबर आहे, पण ती जे कारण मनात धरून बसलीये ते चुकीचं आहे. मित्र जवळजवळ पूर्ण चुकीचा आहे, पण एका विशिष्ट बाबतीत त्याचं खरं निघतं आणि ती बाब गमतीची आहे, खाली येतोच त्यावर.

आधी ते १३०० वॉट. मागच्या पाटीवर १३०० वाचलं की माणूस गुणाकार करतो, १३ तास गुणिले १३०० म्हणजे रोजचे १७ युनिट, बापरे. असं काही होत नाही. १३०० ही आतली कॉइल चालू असताना किती ओढते ती संख्या आहे आणि कॉइल सलग चालू नसते, थर्मोस्टॅट तिला चालू-बंद करत असतो. मशीन एकदा तापलं की कॉइल काही सेकंद लागते, मग काही मिनिटं गप्प, परत काही सेकंद. कान देऊन ऐकलंत तर ती टिक ऐकू येते. सरासरी काढली तर तुमच्यासारख्या छोट्या पितळी बॉयलरच्या मशीनला नुसतं गरम राहायला साधारण ५० वॉट लागतात. मी जी मशीन वॉट मीटर लावून मोजली ती ४० ते ६० च्या मध्ये कुठेतरी आली, तुमचं थोडं इकडेतिकडे असेल. घरातली हवा किती गार, पंखा थेट मशीनवर येतो का, वर कप रचलेत का, यावर फरक पडतो. आणि याच हिशोबाने १३०० चं मशीन सोडून १००० चं घेतलं म्हणून बिल कमी येणार नाही, ते फक्त जरा हळू तापेल, तेवढीच उष्णता तेवढ्याच पाण्याला द्यायचीये.

आता दर. तुमच्या लाईट बिलावर वीज आकार, वहन आकार, कधी इंधन समायोजन असं सगळं वेगवेगळं छापलेलं असतं आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क. लोक फक्त पहिला आकडा बघतात. हे सगळं प्रति युनिट जोडायचं, स्थिर आकार सोडून द्यायचा कारण तो मशीन नसतं तरी भरावाच लागला असता. आणि स्लॅब बघायचा तुमचा शेवटचा, म्हणजे महिन्याला १०० च्या आत असाल, १०० ते ३०० मध्ये असाल की त्याच्या वर, कारण मशीनचे युनिट हे वरून पडणारे युनिट आहेत, ते शेवटच्या स्लॅबच्या दरानेच लागतात. मी इथे हिशोबाला सोपा म्हणून १२ रुपये युनिट धरतोय. तुमचा वेगळा निघाला तर त्या प्रमाणात कमीजास्त करा. आणि युनिटमध्ये बोलण्यापेक्षा सरळ पैशांत बोलतो, म्हणजे डोक्यात राहील.

१२ रुपये दराने तुमचं मशीन नुसतं गरम बसून तासाला ६० पैसे खातं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

दुसरा आकडा, गार मशीन तापवायला किती. हे मोजता येतं आणि कागदावर काढताही येतं. बॉयलरमध्ये समजा पाव लिटरच्या जरा वर, ३०० मिली पाणी, ते २७ डिग्रीवरून ९५ ला न्यायचं. शिवाय बॉयलर, हँडल जिथे अडकवतो तो ग्रुप हेड आणि हँडल मिळून तीनेक किलो धातू तापवायचा. पितळेला पाण्याच्या मानाने फार कमी उष्णता लागते, साधारण अकरावा हिस्सा, म्हणून तीन किलो पितळ आणि पाव लिटर पाणी जवळपास सारखीच लाईट घेतात. दोन्ही मिळून पन्नासेक पैशांची उष्णता मशीनच्या पोटात साठते. तापेपर्यंतच्या वीस मिनिटांत जी हवेत जाते ती धरून ७० पैसे. म्हणजे अगदी थंडगार मशीन कॉफीला तयार करायचा खर्च ७० पैसे, आणि तेच मशीन सव्वा तास नुसतं गरम ठेवायचा खर्च साधारण तेवढाच.

आता मित्राचं म्हणणं. "परत तापवायला जास्त लागते" हे आपण गिझरच्या बाबतीतही ऐकत आलोय. एक भोक पडलेलं पिंप डोळ्यासमोर आणा. पिंप भरलेलं असतं तेव्हा तळाच्या भोकातून पाणी जोरात जातं, पातळी खाली गेली की धार बारीक होते. पिंप सतत काठोकाठ भरलेलं ठेवायचं असेल तर जोरात जाणारी धार तुम्ही सतत भरून काढताय. सोडून दिलंत तर धार हळूहळू मंदावते आणि परत भरायला लागतं ते फक्त जेवढं वाहून गेलं तेवढंच, थेंबभरही जास्त नाही. मशीनचं तापमान म्हणजे ही पातळी. गरम मशीन हवेला जास्त उष्णता देतं, निवत चाललेलं कमी देतं, आणि परत तापवताना फक्त गेलेली उष्णता भरायची असते. परत तापवताना कॉइल सलग दोन मिनिटं १३०० वॉट खेचते ते दिसायला भयंकर दिसतं, वॉट मीटरवर तर काटा उडाल्यासारखं वाटतं, पण ती दोन मिनिटं आहेत. निव्वळ लाईटच्या दृष्टीने बंद करणं कधीच तोट्याचं नसतं. प्रश्न एवढाच की वाचतात किती.

आणि इथे खरी गंमत आहे कारण ते बचतीचे पैसे वेळेबरोबर सरळ वाढत नाहीत. तुमच्या मशीनच्या आकड्यांवर बघा. सकाळी तुम्ही तुमचा कप काढला, बायको पंधरा मिनिटांनी येणार. चालू ठेवलं तर त्या पंधरा मिनिटांचे १५ पैसे. बंद केलं तर मशीन निवतं आणि ते परत भरायला १३ पैसे. वाचले २ पैसे. आई म्हणते तसं प्रत्येक कपानंतर बंद करून या मधल्या वेळेत महिन्याला वाचले ६० पैसे.

एक तास बंद ठेवलंत तर ६० च्या ऐवजी ३५ पैसे, म्हणजे २५ वाचले. चार तास बंद ठेवलंत तर २ रुपये ४० पैशांच्या ऐवजी पन्नासच पैसे, कारण मशीन एकदा पूर्ण गार झालं की आणखी गार होऊ शकत नाही, पिंप रिकामं झालं. इथे जवळजवळ १ रुपया ९० पैसे वाचले. रात्रभर म्हणाल तर सहा रुपये, पण रात्री तुम्ही बंद करताच.

मग मित्राचं खरं कुठे निघतं? ब्लँक शॉटमध्ये. पंधरा-वीस मिनिटं बंद ठेवलेलं मशीन परत चालू केलं की आपण काय करतो, हँडल लावून एक कप रिकामं गरम पाणी सोडतो, ग्रुप परत तापावा म्हणून. ५० मिली गरम पाणी म्हणजे साधारण ५ पैशांची उष्णता सरळ ट्रेमध्ये. म्हणजे दोन पैसे वाचवायला पाच पैशांचं पाणी ओतलं. एका डॉक्टरीण बाईंकडे मी हे प्रत्यक्ष बघितलंय, त्या प्रत्येक कपानंतर शिस्तीत बंद करायच्या आणि पुढच्या कपाआधी दोन ब्लँक शॉट मारायच्या, टाकी दिवसातून दोनदा भरायला लागते म्हणून पंप गळतोय का बघायला मला बोलावलं होतं. पंप ठणठणीत होता.

हाच प्रकार फुल्ली ऑटोमॅटिक मशीनमध्ये, म्हणजे ज्यात बिया टाकल्या की दळून कॉफी येते, जास्त ठळक दिसतो. ती मशीन चालू होताना स्वतःला धुतात आणि बंद होतानाही धुतात, दोन्ही मिळून शंभर-दीडशे मिली गरम पाणी जातं. ते दहा-बारा पैशांचं. अशा मशीनला दर कपाला बंद-चालू केलं तर पाण्यातच पैसे जातात आणि खालचा ट्रे सारखा भरतो ते वेगळं. त्यांच्यासाठी सकाळचा पूर्ण घोळका एकदाच उरकायचा आणि मग बंद.

आता तुमचा पूर्ण दिवस मांडतो. सकाळी ७ ते रात्री ८ चालू. पहिलं तापवणं ७० पैसे, मग उरलेले बारा तास चाळीस मिनिटं ६० पैशांनी म्हणजे ७ रुपये ६० पैसे. प्रत्यक्ष कॉफीचा खर्च बघाल तर हसाल. एक काळी कॉफी, थोडं ग्रुप धुवायचं पाणी धरून, १० पैसे. दुधाचा कप महाग, कारण स्टीमसाठी बॉयलर ९५ वरून १३० च्या आसपास न्यावा लागतो आणि दूधही तापवायचं, तो ४५ पैशांपर्यंत जातो. तुमचे दोन दुधाचे आणि दोन काळे मिळून १ रुपया १० पैसे. दिवसाचे एकूण ९ रुपये ४० पैसे, त्यातले सव्वा आठ नुसते मशीन तापवून गरम ठेवण्यात गेले. महिन्याचे २८० रुपये, साडेतेवीस युनिट.

त्याऐवजी सकाळी ७ ला चालू करून दोघांचे कप झाले की ७:५० ला बंद, ११ च्या वीस मिनिटं आधी चालू, कप काढला की दहा मिनिटांत बंद, ४ ला परत तेच. सकाळचा १ रुपया, मग दोनदा ८०-८० पैसे, अधिक कॉफीचे तेच १ रुपया १० पैसे. दिवसाला ३ रुपये ७० पैसे, महिन्याला ११० रुपये. फरक महिन्याला १७० रुपये, वर्षाला दोन हजार. याच्यात चांगल्या बियांच्या दोन-तीन पिशव्या येतात, कुठून घेता त्यावर आहे. आईला हा आकडा सांगा, खूश होईल. पण प्रत्येक कपानंतर बंद करण्याचा हट्ट सोडायला सांगा.

माझा स्वतःचा नियम सरळ आहे. पुढचा कप अर्ध्या तासाच्या आत असेल तर हात लावत नाही. तासाहून जास्त असेल तर बंद. मधल्या वेळात जे मनात येईल ते करा, दहा-पंधरा पैशांसाठी मी डोकं लावत नाही, तुम्हीही लावू नका.

आता तापायचा वेळ, कारण लोक मशीन चालू ठेवतात ते पैशांपेक्षा यासाठी. बंद केलं तर परत वीस मिनिटं कोण थांबणार, मीटिंग असते. इथे एक गैरसमज दूर करतो. तुमच्या मशीनचा तो तयार झाल्याचा दिवा दोन-तीन मिनिटांत लागतो, बरोबर? तो बॉयलरच्या अंगावर बसवलेल्या थर्मोस्टॅटचा दिवा आहे. पाणी तापलं एवढंच तो सांगतो. ग्रुप हेड आणि हँडल तोपर्यंत कोमट पण नसतात. ९५ डिग्रीचं पाणी त्या गार पितळेतून गेलं की कॉफीवर पोचेपर्यंत खूप उतरतं आणि कप आंबट, पातळ लागतो. मग लोक म्हणतात बिया खराब, ग्राइंडर खराब. दिवा लागल्या लागल्या काढलेला कप आणि वीस मिनिटांनी काढलेला कप एकदा शेजारी शेजारी पिऊन बघा. ओळखायची आणखी साधी खूण म्हणजे हँडलचा धातूचा भाग हाताला लावा, पटकन हात काढावासा वाटला पाहिजे. नुसता गरम वाटला तर अजून वेळ आहे.

हा वेळ कमी करता येतो आणि तो ब्लँक शॉटनेच, जो वर मी उधळपट्टी म्हणालो. पूर्ण गार मशीनला मात्र तो फायद्याचा आहे. हँडल लावून मशीन चालू करा, दिवा लागला की रिकामं ५० मिली पाणी कपातच सोडा, परत दिवा लागू द्या, परत एकदा सोडा. कप पण गरम होतो. सात-आठ मिनिटांत काम होतं. दोन शॉटचे १० पैसे गेले, पण बारा मिनिटं गरम बसण्याचे १२ पैसे वाचले, शिवाय तुमची बारा मिनिटं. धातूतून हळूहळू उष्णता ग्रुपपर्यंत झिरपायची वाट बघण्याऐवजी पाण्याबरोबर ती थेट पाठवली, एवढंच. फक्त हँडल रात्री काढून ड्रॉवरमध्ये ठेवत असाल तर ते बंद करा, ते मशीनलाच लावलेलं राहू द्या, अर्धा किलो गार पितळ ऐन वेळी लावलं की सगळं मुसळ केरात.

टायमरवाला प्लग लावू का, हा पुढचा प्रश्न येईलच. चालतो, पण दोन गोष्टी बघा. मशीनचं बटण टिचकन खाली दाबलेलं राहणारं असेल तर टायमरने लाईट आली की ते सुरू होईल. दाबून सोडायचं बटण असेल, आत सर्किट बोर्ड असलेलं, तर लाईट आली तरी ते झोपूनच राहील आणि टायमर फुकट. दुसरं, १३०० वॉट म्हणजे पावणेसहा अँपिअरच्या आसपास, ६ अँपिअरचा स्वस्तातला टायमर त्याच्या अगदी काठावर चालतो, रोज तापून वितळलेले मी बघितलेत. १६ अँपिअरचाच घ्या आणि १६ च्याच पॉइंटला लावा. आणि रात्री झोपताना टाकीत पाणी आहे ना ते बघूनच झोपा.

बंद-चालू केल्याने मशीन खराब होतं का, हेही लोक विचारतात. घरगुती मशीनमध्ये मी उलटंच बघितलंय. दिवसातून तीनदा स्विच दाबणं म्हणजे काहीच नाही, दिवसभर चालू ठेवलेल्या मशीनचा थर्मोस्टॅट त्याच वेळात शेकडो वेळा टिक करतो. दिवसभर तापलेल्या मशीनचं ग्रुपचं रबरी गॅस्केट लवकर कडक होतं, मग हँडल कितीही घट्ट केलं तरी कडेने पाणी गळतं. असं गॅस्केट बदलताना ते रबरासारखं निघत नाही, बिस्किटासारखे तुकडे पडतात, सुई घालून कोरावं लागतं. कॅफेतली मोठी दोन ग्रुपची मशीन वेगळी, त्यांचं पाणी दहा-बारा लिटर असतं, सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत तयार हवं असतं, त्यांचा हिशोब घराला लावू नका.

एक सवय मात्र नक्की मोडा. दूध तापवून झालं की स्टीमचा स्विच तसाच राहतो. मग बॉयलर ९५ ऐवजी १३० ला बसून राहतो आणि तासाला ६० च्या जागी ९० पैसे जातात. पुढचा कप काळा असेल तर तो जळका लागणार ते वेगळंच. उन्हाळ्यात तुमची कामाची खोली एसीची असेल आणि मशीन तिथेच ठेवलं असेल तर ही सगळी उष्णता एसीलाच बाहेर काढायला लागते, त्याचे तासाला आणखी वीसेक पैसे धरा.

आता "स्टँडबाय" बद्दल, कारण हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरला जातो आणि सगळा गोंधळ तिथून होतो. मी वर बोललो ते गरम बसलेलं मशीन, ५० वॉट. दुसरं म्हणजे बंद केलेलं पण प्लगला लावलेलं, आत बोर्ड जागा, कुठेतरी बारीक दिवा. त्याला एखादा वॉट लागतो. वर्षभर एक वॉट म्हणजे पावणेनऊ युनिट, शंभरेक रुपये. टिचकन बसणाऱ्या बटणाचं मशीन बंद केलं की शून्य, तुमचं तसं असेल तर भिंतीवरचा स्विच बंद करायच्या भानगडीत पडू नका. बोर्डवालं असेल तर करा, फुकटचे शंभर रुपये आहेत, पण याच्यासाठी भांडण नको. कॅप्सूलवाल्या मशीनचं हे सगळं आणखी सोपं, त्यात बॉयलरच नसतो, पाणी जाता जाता तापतं, अर्ध्या मिनिटात तयार, त्यामुळे तिथे चालू ठेवायला काही कारणच नाही.

युरोपातून आलेलं मशीन असेल तर ते आपोआप बंद होतं आणि लोक मला फोन करतात की बिघडलं. २०१५ पासून युरोपात नियम आहे की घरगुती कॉफी मशीनने शेवटच्या कपानंतर ठराविक वेळात स्वतःहून बंद झालं पाहिजे, एस्प्रेसो वगैरे मशीनला जास्तीत जास्त अर्धा तास, ड्रिप मशीनला काचेचा जग असेल तर ४० मिनिटं आणि थर्मासचा जग असेल तर ५ मिनिटं. माझा अर्ध्या तासाचा नियम त्यांच्याशी जुळतो हा योगायोग आहे, मी तो खूप आधी वॉट मीटरवरून काढला. आणि त्या काचेच्या जगाखालच्या तव्यावर कॉफी तासभर ठेवणाऱ्यांना मी काय सांगणार, थर्मासमध्ये ओता आणि मशीन बंद करा, लाईटचं जाऊ द्या, चव तरी राहील.

एक अपवाद सांगून ठेवतो, पुढेमागे मोठं मशीन घ्यायचा विचार असेल तर. ठाण्यात एका गिऱ्हाईकाकडे मोठ्या बॉयलरचं, बाहेर चार किलोचा पितळी ग्रुप असलेलं मशीन आहे, १९६१ च्या त्या प्रसिद्ध इटालियन ई-६१ ग्रुपच्या धर्तीचं. ते नुसतं गरम बसून १२० वॉट घेतं आणि तापायला पाऊण तास. ते साहेब चोवीस तास चालू ठेवायचे, "सकाळी उठल्या उठल्या हवी असते." महिन्याला ८६ युनिट, हजारावर रुपये, आणि त्या ८६ मुळे त्यांचं घर ३०० च्या वरच्या स्लॅबमध्ये जायचं, त्यामुळे वरचे युनिट आणखी महाग. टायमर लावून पहाटे साडेपाचला चालू आणि नऊला बंद केलं, आता पंधरा-सतरा युनिटांत भागतं. अशा मशीनमध्ये पोटात साठलेली उष्णताच चौपट-पाचपट असते, त्यामुळे ते निवायलाही वेळ घेतं आणि तासभर बंद करून त्यात जेमतेम ३५ पैसे वाचतात, पण परत तयार व्हायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. तिथे मी दीड-दोन तासांच्या आत बंद करू नका म्हणतो.

माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवण्यापेक्षा एकदा स्वतः मोजा. वॉट मीटर नसेल तर घरच्या मीटरवरच जमतं. मीटरवर `imp/kWh` च्या आधी एक आकडा छापलेला असतो, समजा ३२००. म्हणजे तो लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. मशीन पूर्ण तापून अर्धा तास झाला की फ्रीजसकट बाकी सगळं बंद करा, राउटर आणि इन्व्हर्टर विसरू नका, आणि अर्धा तास लुकलुक मोजा. अर्धा तासच मोजा, पाच मिनिटं मोजून चालणार नाही कारण कॉइल मधेच लागली तर आकडा खूप जास्त येईल आणि नाही लागली तर शून्य. ३२०० च्या मीटरवर अर्ध्या तासात ८० वेळा लुकलुकलं तर तुमचं मशीन माझ्या म्हणण्याप्रमाणे ५० वॉटवर आहे. १२० च्या वर गेलं तर स्टीमचा स्विच बघा, आणि तो बंदच असेल तर थर्मोस्टॅट वेळेवर सोडत नाहीये, तो कोणाकडून तरी तपासून घ्या. चारशे-साडेचारशे रुपयांत काम होतं.